ऑफर लेटर आलंय, पण आधी ₹२,४५० नोंदणी फी भरा म्हणतात. खरं की खोटं कसं तपासायचं?

वैशाली_अमळनेर

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. तो आयटीआय फिटर आहे, गेलं वर्षभर नोकरी शोधतोय. एका जॉब साइटवर त्याने बायोडाटा टाकला होता. तिथून फोन आला, दहा-पंधरा मिनिटं प्रश्न विचारले आणि दुसऱ्याच दिवशी मेलवर दोन पानी ऑफर लेटर आलं. चाकणच्या एका मोठ्या कंपनीचं आहे. नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण कंपनी खरी आहे आणि तिचा यात काही संबंध नसेल तर उगाच बदनामी नको.

पहिल्या पानावर लोगो, कंपनीचा पूर्ण पत्ता, सीआयएन, जीएसटी नंबर, पद ‘ज्युनिअर टेक्निशियन’, महिन्याला ₹२८,५०० पगार, कपातींचा तक्ता आणि हजर होण्याची तारीख आहे. खाली सही, गोल शिक्का आणि हिरवी टिकमार्क. दुसऱ्या पानावर लिहिलंय की ‘नोंदणी व पोलीस पडताळणी शुल्क’ म्हणून ₹२,४५० भरायचे, पहिल्या पगारात परत मिळतील. उद्या संध्याकाळी पाचच्या आत भरले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाईल. सोबत क्यूआर कोड दिलाय.

बाबांनी कापसाच्या पैशातून रक्कम बाजूला काढूनही ठेवली. त्यांचं म्हणणं, अडीच हजारासाठी अठ्ठावीस हजारांची नोकरी सोडायची का? भाऊ तर बॅग भरायला निघालाय. मला शंका येते, पण नुसत्या शंकेवर त्याची संधी घालवायची नाही. म्हणून पक्कं कसं तपासायचं ते सांगा.

जिभाऊ_धुळे

ताई, एक रुपया दिऊ नका. मन्हा साडू असाच फसना व्हता. नोकरी देनारा पगार देस, पैसा मांगत नही.

सागर_पाचोरा

जिभाऊ, असं सरसकट म्हणून चालणार नाही, तपासून बघायला हवं. वैशालीताई, mca.gov.in वर कंपनीची माहिती मोफत बघता येते. लेटरवरचा सीआयएन तिथे टाका. तो एकवीस अक्षरांचा असतो. पहिलं अक्षर L असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, U असेल तर नाही. मध्ये राज्याचं MH आणि त्यानंतर कंपनी स्थापन झाल्याचं वर्ष असतं. बोगस लोक बऱ्याचदा काहीही आकडे ठोकून देतात, ते इथे लगेच पकडले जातात. नाव, पत्ता, वर्ष सगळं जुळलं तर लेटर खरं समजा.

नंदू_भुसावळ

फी मागितली म्हणजे खोटंच, हे मलाही पटत नाही. मी रेल्वेचा फॉर्म भरला तेव्हा ५०० रुपये भरले होते. २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीला तर खुल्या वर्गाला हजार रुपये फी होती. सरकार घेतं, मग खासगी कंपनीने पोलीस पडताळणीचे घेतले तर काय झालं?

वैशाली_अमळनेर

सागरभाऊ, आत्ताच टाकून पाहिलं. सीआयएन बरोबर निघाला. नाव तेच, नोंदणीकृत पत्ताही लेटरवर आहे तोच, कंपनी चालू आहे असंही दिसतं. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला, तोही त्यांचाच. आता घरात सगळे म्हणतायत की तुझी शंका फिटली ना, मग भरू दे.

मीनाक्षी_चोपडा

वैशाली, थांब. पैसे भरायच्या आधी हे नीट वाच.

मी मूळची चोपड्याची. नाशिकला सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत भरतीचंच काम केलं, आता निवृत्त आहे. सागरने सांगितलेली तपासणी चुकीची नाही, पण त्यातून कळतं ते एवढंच की या नावाची कंपनी अस्तित्वात आहे. ते तर तुला आधीच माहीत होतं. हे पत्र त्या कंपनीनेच पाठवलं का, हा तुझा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर सीआयएन देत नाही. सीआयएन, जीएसटी नंबर, पत्ता, लोगो हे कंपनीच्या वेबसाइटवर, बिलावर, वार्षिक अहवालात उघड छापलेलं असतं. नावाजलेल्या कंपनीच्या नावाने पत्र बनवणारा ते जसंच्या तसं उचलतो. उलट त्याला हेच हवं असतं, की तुम्ही नंबर तपासावा, तो जुळावा आणि तुमचा विश्वास बसावा.

म्हणून कागदावर काय छापलंय ते जरा बाजूला ठेव. पत्र निघालं कुठून आणि पैसे जाणार कुणाकडे, या दोन गोष्टी पाहू. मला तीन गोष्टी सांग. मेल आलेल्या पत्त्यात @ च्या पुढे काय आहे ते अक्षरन् अक्षर. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर, पैसे न भरता, ॲपवर नाव कुणाचं दिसतं. आणि पगाराच्या तक्त्यात कपाती कोणत्या लिहिल्यात.

नंदू, तुमचा मुद्दा रास्त आहे. रेल्वेची किंवा जिल्हा परिषदेची ती परीक्षा फी. ती अर्जाबरोबर, निवड व्हायच्या आधी, अधिकृत संकेतस्थळावर सगळ्या उमेदवारांकडून घेतात आणि त्याची जाहिरात छापलेली असते. रेल्वेत तर परीक्षेला बसलं की ५०० मधले ४०० परतही येतात. ‘तुझी निवड झाली, आता नियुक्तीसाठी पैसे भर’ असं रेल्वे म्हणत नाही. भुसावळला रेल्वेच्या नावाने खोटी नियुक्तिपत्रं देतात तेव्हा पैसे नेमके निवडीनंतरच मागतात. फी कधी मागितली, आधी की नंतर, यावरून बरंच कळतं.

पूनम_शहादा

मी रोजगार कार्यालयाच्या महास्वयम वेबसाइटवर नोंदणी केली आहे, तिथे मला फी लागली नव्हती. आता ती सुरू झाली का? नूतनीकरणाला पैसे लागतील का?

मीनाक्षी_चोपडा

नाही पूनम, हा विषय वेगळा आहे. महास्वयम किंवा केंद्राचं ncs.gov.in, दोन्हीकडे उमेदवाराची नोंदणी मोफत आहे. तिथलं नाव सांगून कुणी फोनवर पैसे मागितले तर देऊ नकोस.

वैशाली_अमळनेर

मीनाक्षीताई, भावाचा फोन घेऊन बसले आहे.

मेल उघडल्यावर वर कंपनीचं नाव आणि ‘एचआर विभाग’ असं दिसतं. नावावर बोट ठेवलं तेव्हा पूर्ण पत्ता दिसला. @ च्या पुढे कंपनीचं नाव, मग आडवी रेघ, मग careers आणि शेवटी .in आहे. कंपनीची नेहमीची वेबसाइट नुसत्या नावाची आणि .com आहे.

क्यूआर स्कॅन केल्यावर एका बाईंचं नाव येतं, आडनावासकट. कंपनीचं नाव कुठेच नाही. भावाने त्या एचआरला विचारलं तर तो म्हणाला की त्या आमच्या अकाउंट्सच्या मॅडम आहेत.

कपातीत पीएफ ₹१,८००, ईएसआय ₹२१४ आणि व्यवसाय कर ₹२०० आहे.

सागर_पाचोरा

मेलचं अजून एक बघता येतं. जीमेल कॉम्प्युटरवर उघडा, मेलच्या उजवीकडच्या तीन ठिपक्यांत Show original आहे. तिथे SPF, DKIM, DMARC या तिघांपुढे PASS लिहिलं असेल तर मेल बनावट नाही. वैशालीताई, मला मेल फॉरवर्ड न करता तो स्क्रीनशॉट पाठवा.

*(थोड्या वेळाने)* ताईंनी पाठवला. तिन्ही PASS आहेत. मला वाटतं मोठ्या कंपन्या भरतीसाठी वेगळा डोमेन ठेवतात, तसं असू शकतं.

मीनाक्षी_चोपडा

सागर, तू तपासतोयस ते बरोबर ठिकाणी, पण PASS चा अर्थ तू काढलास त्यापेक्षा मर्यादित आहे. मेल ज्या डोमेनचं नाव सांगतो, त्याच डोमेनच्या परवानगीने तो निघालाय, एवढंच ते सांगतं. ते डोमेन कुणाचं आहे, ते नाही. उद्या मी आडवी रेघ टाकून एखाद्या कंपनीच्या नावाचं .in डोमेन वर्षभरासाठी थोड्याशा पैशात विकत घेतलं आणि सेटिंग नीट केलं, तर माझ्या मेललाही तिन्ही PASS मिळतील. ही तपासणी उपयोगी पडते ती वेगळ्या वेळी. मेलवर कंपनीचा खरा .com पत्ता दिसतोय आणि इथे FAIL येतंय, म्हणजे कुणीतरी दुसऱ्याने तो पत्ता वर चिकटवलाय.

या प्रकरणात डोमेनचं वय बघ. .in साठी registry.in वर व्हूइज शोध आहे. त्यात डोमेन टाकलं की Creation Date दिसते. मालकाचं नाव बहुतेकदा झाकलेलं असतं, पण तारीख दिसते. कंपनी ऐंशीच्या दशकातली आणि भरतीचं डोमेन मागच्या महिन्यातलं, असं निघालं तर विचार करायला हवा. आणि उलट, तारीख जुनी निघाली म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. जुनी डोमेनं विकतही मिळतात.

आता क्यूआर. २०२५ च्या जूनअखेरपासून यूपीआय ॲपने पैसे भरण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवावं, असा नियम झाला आहे. म्हणून तुला त्या बाईंचं नाव दिसलं. कंपनीचे पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यात जातात. हिशेब विभागातल्या कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात कुठलीही नोंदणीकृत कंपनी उमेदवारांचे पैसे घेणार नाही, तिच्या लेखापरीक्षकालाच ते चालणार नाही. ज्यांचं नाव दिसतंय त्या बाईही कदाचित फसवल्या गेलेल्या असतील, कारण अशी खाती बहुतेकदा कुणाकडून तरी भाड्याने घेतलेली असतात. म्हणून त्यांचं नाव इथे लिहू नकोस.

आणि पगाराचा तक्ता पाहून माझी खात्रीच झाली. ईएसआय ₹२१४ म्हणजे २८,५०० चे पाऊण टक्के. टक्केवारी बरोबर आहे, पण ईएसआय लागू होतो महिन्याला २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याला. २८,५०० वर नव्याने लागणाऱ्या मुलाचा ईएसआय कापलाच जात नाही. मोठ्या कंपनीत हे तक्ते सॉफ्टवेअरमधून निघतात, तिथे अशी चूक होत नाही. कुठल्या तरी कमी पगाराच्या खऱ्या पत्राची नक्कल करून वरचा आकडा वाढवला आणि कपात त्याच टक्क्याने केली, असं दिसतं.

दालमिल_जळगाव

ताईंचं बरोबर आहे, फक्त एक गोष्ट छोट्या कारखानदाराच्या बाजूने सांगतो. आमची एमआयडीसीत दालमिल आहे. आम्ही पत्र जीमेलवरूनच पाठवतो, आणि मागच्या वर्षी आमच्या मुनीमजींनी पीएफचा हिशेबही चुकवला होता. आजूबाजूच्या चटई आणि पाइपवाल्यांचं तसंच आहे. तेव्हा जीमेल आहे किंवा हिशेबात चूक आहे एवढ्यावरून आमच्यासारख्यांना बोगस ठरवू नका. पण आम्ही पैसे मागत नाही, आणि ज्याला शंका आहे तो सरळ मिलवर येऊन बघून जाऊ शकतो.

मीनाक्षी_चोपडा

मान्य, भाऊ. माझी ईएसआयची खूण मोठ्या कंपनीच्या पत्रासाठी होती. लहान ठिकाणी चूक माणसाची असू शकते, तिथे जाऊन बघणं हेच उत्तम.

राहुल_नवापूर

मी हे स्वतः भोगलंय, म्हणून लिहितो. माझ्याकडे आधी १,८५० मागितले, गणवेश आणि ओळखपत्राचे. भरल्यावर अर्ध्या तासात शिक्क्याची पावती आली, त्यामुळे विश्वास वाढला. मग लॅपटॉपच्या विम्याचे ५,५००. तेव्हा मी नाही म्हणालो, तर समोरचा म्हणाला की मग आधीचे १,८५० पण बुडतील, करार मोडल्याची नोटीस येईल. घाबरून भरले. नंतर ‘परताव्याची प्रक्रिया’ म्हणून १२,०००. तिथे थांबलो, कारण माझ्याकडे नव्हतेच. पहिली रक्कम मुद्दाम लहान ठेवतात. २,४५० हा शेवटचा आकडा नसतो.

मला विचारायचंय की आता काही होऊ शकतं का? पैसे गेल्याला बरेच महिने झाले. लाजेने तक्रारच केली नव्हती.

मीनाक्षी_चोपडा

राहुल, तक्रार अजूनही कर. cybercrime.gov.in वर आर्थिक फसवणुकीच्या विभागात नोंदवता येते. प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर नंबर बँकेच्या स्टेटमेंटमधून काढून ठेव, तारीख आणि रक्कम लिही, पावत्या आणि चॅट जोड. पैसे परत मिळतील असं मी म्हणणार नाही. इतक्या दिवसांत ते त्या खात्यातून केव्हाच पुढे गेले असतील. पण त्याच खात्यावर दुसऱ्या कुणाची तक्रार असेल तर तुझी तिला जोडली जाते.

आज-काल पैसे गेलेत अशा कुणी हे वाचलं तर आधी १९३० ला फोन करा, पोर्टल नंतर. फोनवर यूटीआर, रक्कम, वेळ आणि स्वतःची बँक विचारतात. पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते अजून असतील तर बँकेला कळवून रोखता येतात. म्हणून तासांना महत्त्व आहे. आणि तक्रार केल्यावर ‘तुमचे पैसे परत आणून देतो, आधी थोडी फी भरा’ असा फोन आला तर तो त्याच टोळीचा समजा.

नंदू_भुसावळ

परीक्षा फीचा मुद्दा मला पटला. पण मेडिकलचं काय? माझ्या चुलतभावाला नाशिकच्या एका कारखान्याने खरंच नोकरी दिली, आणि फिटनेस सर्टिफिकेट स्वतःच्या खर्चाने आणायला लावलं. म्हणजे निवडीनंतर उमेदवाराचा खर्च होतोच की.

मीनाक्षी_चोपडा

हो, तसं होतं. काही ठिकाणी मेडिकल उमेदवाराने करून आणायचं असतं, काही ठिकाणी पोलिसांकडचा चारित्र्य दाखलाही. पण ते पैसे जातात डॉक्टरकडे किंवा पोलिसांच्या अधिकृत पोर्टलवर, आणि पावती त्यांची मिळते. कंपनी स्वतः पडताळणी करते तेव्हा ती एखाद्या एजन्सीला नेमते आणि बिल स्वतः भरते. उमेदवाराने कंपनीला किंवा तिच्या एचआरला पडताळणीचे पैसे द्यायचे, असा प्रकार माझ्या सगळ्या नोकरीत मी पाहिला नाही.

संदीप_एरंडोल

मी एरंडोलचा, सध्या चाकणला कामाला आहे. वैशालीताई, कंपनीचं नाव आणि लेटर मला मेसेज करा, मी गेटवर जाऊन विचारतो. आपल्या जळगाव-धुळ्याची पोरं इथे प्रत्येक कारखान्यात आहेत, कुणीतरी आत गाठ घालून देईल.

मीनाक्षी_चोपडा

संदीप, हे फार चांगलं होईल. वैशाली, लेटर पाठवताना भावाचा आधार नंबर आणि पत्ता झाकून पाठव.

तोवर तूही कंपनीला विचार, पण लेटरवरच्या नंबरवर फोन करू नकोस. तिथे तोच माणूस उचलेल आणि ‘हो, खरं आहे’ म्हणेल. नंबर गूगलवर शोधून पहिला दिसेल तोही घेऊ नकोस, कारण जाहिरातीत आणि नकाशावर खोटे नंबर टाकलेले असतात. कंपनीची .com वेबसाइट स्वतः टाइप करून उघड. तिथला बोर्ड नंबर किंवा भरतीचा मेल घे. पत्राचा क्रमांक, पद आणि ज्याची सही आहे त्याचं नाव लिहून विचार, ‘हे पत्र आपण दिलं आहे का?’ बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या करिअर पानावर तळाला ‘आम्ही उमेदवारांकडून पैसे घेत नाही’ अशी सूचनाही असते, तीही वाच.

त्या एचआरला फक्त एक सांग, की भाऊ प्रत्यक्ष चाकणला येऊन कंपनीच्या काउंटरवर पैसे भरेल आणि तिथेच पावती घेईल. काय म्हणतो ते इथे लिही.

वैशाली_अमळनेर

भावाने तसंच सांगितलं. आधी तो म्हणाला की प्रक्रिया ऑनलाइनच आहे. भावाने पुन्हा विचारलं की मग हजर व्हायला येईन तेव्हा भरू का, तर म्हणाला की आज पाचनंतर लेटर आपोआप रद्द होईल. मग आवाज चढला. ‘तुमच्या भागातली मुलं असंच करतात, म्हणून मागे राहतात’ असं बोलला. भावाला ते फार लागलं.

डोमेनची तारीखही पाहिली. ऑफर लेटरच्या तारखेच्या तीन आठवडे आधी तयार झालंय.

कंपनीच्या करिअर पानावर पैसे न घेण्याची सूचना आहे. मेल पाठवलाय, अजून उत्तर नाही. बोर्ड नंबरवर बाईंनी सांगितलं की एचआरचे लोक उद्या बोलतील.

जिभाऊ_धुळे

पोराले सांगा, त्या मानसानं बोलनं मनवर घेऊ नको. पैसा भेटना नही म्हनीसन तो चिडना.

संदीप_एरंडोल

आज जाऊन आलो. सुरक्षा विभागाने आधी आत सोडलं नाही, पण पारोळ्याचा एकजण तिथे शिफ्ट सुपरवायझर आहे, त्याने एचआरमधल्या एकाला बाहेर बोलावलं. मी मोबाइलवर लेटर दाखवलं. तो म्हणाला की पत्राचा क्रमांक आमच्या पद्धतीचा नाही, सही करणारा त्या नावाचा माणूस आमच्याकडे नाही आणि सध्या या पदाची थेट भरतीच चालू नाही, टेक्निशियन ठेकेदारामार्फत घेतात. असं लेटर घेऊन आधीही मुलं गेटवर आली होती, असंही त्याने सांगितलं. एक मुलगा तर सामान घेऊन आला होता. कंपनीने लेखी दिलेलं नाही, पण तोंडी उत्तर स्पष्ट आहे.

वैशाली_अमळनेर

संदीपदादा, तुमचे उपकार झाले. पैसे भरलेले नाहीत. पाच वाजून गेले आणि लेटर ‘रद्द’ काही झालं नाही. उलट रात्री पुन्हा फोन आला, निम्मेच भरा म्हणून.

पण आता वेगळी काळजी आहे. भावाने पहिल्याच दिवशी आधार, पॅन, मार्कशीट, फोटो आणि पासबुकच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलाय. त्याचं काय करायचं?

मीनाक्षी_चोपडा

पासबुकच्या फोटोवरून कुणी खात्यातले पैसे काढू शकत नाही, तेवढी धास्ती नको. ओटीपी, पिन किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप दिलंय का, ते भावाला स्पष्ट विचार. दिलं नसेल तर खातं सुरक्षित आहे.

आधारच्या बाबतीत myaadhaar.uidai.gov.in वर बायोमेट्रिक लॉक करून टाका. हवं तेव्हा उघडता येतं. मग sancharsaathi.gov.in वर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसतं. त्यात अनोळखी नंबर असेल तर तिथेच ‘माझा नाही’ म्हणून कळवता येतो. ही तपासणी एकदाच करून सोडू नका, पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा करा. पॅनवर कुणी कर्ज उचललं तर ते क्रेडिट रिपोर्टमध्ये येतं. वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून तो मोफत मिळतो.

मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. पैसे मिळाले नाहीत तर हे लोक कधी कधी सांगतात की फी माफ केली, आता सॅलरी अकाउंट उघडा आणि त्याचं एटीएम कार्ड व सिम कुरिअरने पाठवा. पोरगा खूश होऊन पाठवतो. मग दुसऱ्यांचे फसवलेले पैसे त्याच खात्यातून फिरतात आणि पोलीस येतात ते आपल्या दारात. त्या क्यूआरवरच्या बाईंचं खातं अशाच प्रकारे गेलेलं असू शकतं. भावाला हे आजच सांग.

पैसे गेले नसले तरी तक्रार करता येते. संशयास्पद फोन आणि मेसेजसाठी संचार साथीवर ‘चक्षू’ विभाग आहे. तिथे फोन नंबर द्या. लेटर, मेल आणि क्यूआर cybercrime.gov.in वर टाका.

सागर_पाचोरा

मी सीआयएन जुळला की लेटर खरं समजा असं लिहिलं होतं. ते कुणी अर्धवट वाचून पैसे भरू नयेत म्हणून पुन्हा सांगतो, सीआयएनने कंपनी आहे एवढंच कळतं. cybercrime.gov.in वर Suspect Search म्हणून सोय आहे, तिथे मी तो मोबाइल नंबर टाकला. काही सापडलं नाही.

मीनाक्षी_चोपडा

सापडला नाही याचा अर्थ फक्त इतकाच, की अजून कुणी त्या नंबरची तक्रार केलेली नाही. वैशालीने केली की पुढच्याला कदाचित सापडेल.

भिकन_चाळीसगाव

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारतो. आमच्या इथे एक कन्सल्टन्सी आहे. ते ‘फाइल चार्ज’ म्हणून १,५०० घेतात आणि रांजणगावला ठेकेदाराकडे लावून देतात. माझ्या ओळखीच्या दोघांना खरंच काम लागलं, पगारही मिळतोय. तिसऱ्याचे पैसे घेतले आणि त्याला वर्षभर फिरवतायत. हे फसवणुकीत धरायचं का? परदेशातल्या नोकरीसाठी एजंटने ३०,००० आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, असा नियम आहे असं ऐकलंय. तसा इथेही आहे का?

मीनाक्षी_चोपडा

भिकनदादा, ३०,००० ची मर्यादा परदेशी नोकरीसाठी आहे, तीही emigrate.gov.in वर नोंदलेल्या एजंटपुरती. ती इथे लागू होत नाही. तुमच्या कन्सल्टन्सीचं उत्तर मी एका शब्दात देऊ शकत नाही. दोघांना काम लावलंय म्हणजे ती निव्वळ बोगस नाही. पण तिसऱ्याकडून पैसे कशाबद्दल घेतले, काम न लागल्यास परत द्यायचं ठरलं होतं का, हे लेखी असेल तरच त्याला काही धरता येईल. पावती आहे का त्याच्याकडे?

भिकन_चाळीसगाव

पावती आहे, पण त्यावर नुसतं ‘सेवा शुल्क’ लिहिलंय. कन्सल्टन्सीचा शिक्का आहे, जीएसटी नंबर नाही.

दालमिल_जळगाव

दादा, त्या पोराला घेऊन आधी त्या ठेकेदाराकडे विचारा की ही कन्सल्टन्सी तुमच्यासाठी माणसं पाठवते का आणि तुम्ही तिला वेगळे पैसे देता का. आम्ही ज्या एजन्सीकडून हमाल आणि ऑपरेटर घेतो तिला कमिशन आम्ही देतो, मजुराकडून घ्यायचं नाही असं ठरवून दिलंय. पण सगळे तसं करतात असं मी म्हणणार नाही.

वैशाली_अमळनेर

संध्याकाळी कंपनीच्या एचआरचा मेल आला. दोन ओळींचा आहे. पत्र त्यांनी दिलेलं नाही, आणि लेटरची प्रत व मेल जसाच्या तसा त्यांच्या पत्त्यावर पाठवा म्हणजे ते त्या डोमेनविरुद्ध तक्रार करतील. पाठवलं. संचार साथी आणि सायबर पोर्टलवरही नोंदवलं, पोचक्रमांक मिळाला.

बाबांना क्यूआरवरचं नाव दाखवलं तेव्हा त्यांना पटलं. सीआयएन, डोमेन यातलं काही त्यांना समजलं नव्हतं, पण कंपनीचा पैसा परक्या बाईच्या खात्यात कसा जाईल, हे त्यांनी लगेच ओळखलं. भाऊ अजून गप्प आहे. संदीपदादांनी ज्या ठेकेदाराबद्दल विचारून ठेवलंय, त्याच्याकडे सोमवारी प्रत्यक्ष जाऊन अर्ज देणार आहे.

संदीप_एरंडोल

येऊ द्या त्याला. आयटीआयची मूळ मार्कशीट आणि दोन फोटो आणायला सांगा. ठेकेदाराकडे अर्जाचे पैसे नाहीत, मी विचारून ठेवलंय. कुणी मागितले तर तिथूनच मला फोन करायला सांगा.